‘तिला तू आवडतोस, पण ती बोलणार नाही’: मित्रमंडळींकडून आलेल्या ऐकीव बातमीवर किती विसंबावे

नाशकात रंग खेळला जातो तो धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडींभोवती, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांभोवती, त्या दिवशी जी झुंबड उडते, तिच्यात ओलाचिंब होऊन उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी लागून कोणीही काहीही सांगून जाते. आमच्या रविवारच्या ट्रेकिंगच्या गटातल्या एका 27 वर्षांच्या मुलाला अशाच गर्दीत त्याच्या कॉलेजातल्या मित्राने सांगितले, की गटातल्या अमुक मुलीला तू आवडतोस, आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ती स्वतःहून बोलणार नाही. चार दिवसांनी त्याच मित्राच्या बायकोने, म्हणजे या मुलाच्या वहिनीने, तेच सांगितले. आठवड्याभरात गटातल्या तिसऱ्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर डोळा मारणारे चित्र पाठवून विचारले, ‘मग, पेढे कधी?’

हा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न ‘हे खरे असेल का’ असा नव्हताच. तीन जणांनी सांगितले म्हणजे खरेच असणार, हे त्याने गृहीत धरले होते. मागणी कशी घालावी, एवढेच त्याला विचारायचे होते. पुढचे दोन तास आम्ही मागणी बाजूला ठेवून त्या बातमीचा माग काढला. तो कसा काढला, त्यातून काय हाती आले आणि त्याच्या बळावर कितपत पाऊल टाकता आले, ते येथे क्रमाने मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावे घेतलेली नाहीत. उदाहरण मुलाचे असले, तरी बातमी मुलीच्या कानावर आलेली असेल तेव्हाही पायऱ्या याच राहतात. जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

पहिली पायरी: गुपित होते, तर ते तुमच्यापर्यंत आले कसे?

‘मनातल्या मनात आवडतोस’ असे कोणी सांगते, तेव्हा त्या वाक्यातच एक अडचण दडलेली असते. मनातले असेल तर सांगणाऱ्याला ते कळले कोठून? याची उत्तरे तीनच संभवतात, आणि आपल्याकडे आलेली बातमी त्यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

एक, त्या व्यक्तीनेच सांगणाऱ्याला पुढे केले आहे. हा निरोप असतो, मग तो कितीही आडून दिलेला असो. दोन, त्या व्यक्तीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याने फोडली आहे. तीन, कोणी कोणाला काहीच सांगितलेले नाही. सांगणाऱ्याने दोघांना बोलताना पाहिले आणि अंदाज बांधला. तिन्ही बातम्या कानावर पडताना हुबेहूब सारख्याच ऐकू येतात, कारण अंदाज बांधणारा कधी ‘माझा अंदाज आहे’ असे म्हणत नाही; तोही ‘मला माहीत आहे’ असेच म्हणतो.

निरोप आणि अंदाज यांतला फरक शब्दांपेक्षा सांगणाऱ्याच्या वागण्यात अधिक दिसतो. निरोप आणणारी व्यक्ती बहुधा तिच्या अगदी जवळची असते, ती तुम्हाला एकटे गाठते आणि सांगण्याआधी विचारते: तुझ्या घरी स्थळे पाहणे सुरू झाले आहे का, तुझे कोणाशी जमले आहे का, पुण्याला बदली होणार होती तिचे काय झाले. तिला उत्तर परत न्यायचे असते, म्हणून ती सांगून झाल्यावर थांबते आणि तुमच्या चेहऱ्याकडे पाहते. अंदाज सांगणाऱ्याला उत्तराची गरज नसते. तो चारचौघांत सांगतो, हसतो, पाठीवर थाप मारतो आणि निघून जातो. ‘मी सांगितले म्हणून सांगू नकोस’ हे वाक्य मात्र दोघेही म्हणतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नये.

आपल्याकडे निरोपाचा आणखी एक उपप्रकार आढळतो आणि तो फसवा असतो. मैत्रिणीच्या मावशीने किंवा वहिनीने केलेली चौकशी ही पुष्कळदा स्थळाची चौकशी असते. नोकरी अंबडला आहे की सातपूरला, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, पत्रिका पाहता का, हे प्रश्न मुलीच्या घरच्यांच्या डोक्यातले असू शकतात आणि मुलीला त्याचा पत्ताही नसतो. ‘तिच्याकडचे लोक तुझी विचारपूस करत होते’ यावरून ‘तिला मी आवडतो’ असा अर्थ काढणे म्हणजे दोन वेगळ्या खात्यांची बेरीज करणे होय.

फोडलेल्या गुपितात सत्याचा अंश सर्वांत जास्त असू शकतो, परंतु ते वापरता मात्र सर्वांत कमी येते. तुम्हाला ते कळले आहे, हे तिला कळले, तर तिच्या मनात पहिला विचार तुमचा येणार नाही. मैत्रिणीने विश्वास मोडला, हाच येईल. शिवाय ती गोष्ट तिने केव्हा सांगितली होती हेही महत्त्वाचे असते. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बोलून गेलेली आवड आज शिळी झालेली असू शकते, आणि फोडणारा ती ताजी म्हणूनच देतो.

दुसरी पायरी: पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले

न्यायालयात ऐकीव पुरावा सहसा का चालत नाही, याचे कारण आपल्या कायद्यात फार नेमकेपणाने मांडलेले आहे. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 60 मध्ये जे होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 55 मध्ये जे आहे, त्याचा आशय असा, की गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ती स्वतः पाहणाऱ्याने सांगावी, ऐकण्याजोगी असेल तर ती स्वतः ऐकणाऱ्याने सांगावी, आणि मत असेल तर ज्याचे ते मत आहे त्याने, ज्या आधारावर ते बनले त्यासह सांगावे. प्रेमाच्या भानगडीत कायदा आणणे हास्यास्पद वाटेल, पण ही तीन खाती आपल्या कामाला अगदी चपखल बसतात.

म्हणून सांगणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत आणि ते सहज सुरात विचारावेत. ‘ती नेमके कोणते शब्द बोलली?’ आणि ‘तेव्हा तू स्वतः तेथे होतास का?’ याहून अधिक खोदू नये, कारण जास्त विचारले की सांगणाऱ्याला आपला रस जाणवतो आणि तो रिकाम्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरून देतो. ‘अरे, कळते ते’ असे उत्तर आले, तर ते ‘वाटलेले’ या खात्यात टाकून द्यावे. ‘मला अमक्याने सांगितले’ असे उत्तर आले, तर त्या अमक्याकडे जावे.

आमच्या मुलाने हेच केले. मित्र म्हणाला, मला बायकोने सांगितले. वहिनी म्हणाली, गटातल्या एका मैत्रिणीने सांगितले की ‘तो असल्याशिवाय ती ट्रेकला येतच नाही’. त्या मैत्रिणीला विचारल्यावर ती क्षणभर आठवू लागली आणि म्हणाली, तसे नाही, मागच्या ऑगस्टमध्ये अंजनेरी उतरताना ती म्हणाली होती, ‘तो बरोबर असला की उतरायला भीती वाटत नाही.’ म्हणजे पावसात निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर ऑगस्टमध्ये उच्चारलेले एक वाक्य मार्चमध्ये रहाडीपाशी पोहोचेपर्यंत सात महिने आणि तीन तोंडे ओलांडून आले होते. भीतीचा उल्लेख गळाला, उतरणीचा उल्लेख गळाला, आणि ‘बरोबर असला की’ याचे ‘असल्याशिवाय नाही’ झाले.

यात कोणीही खोटे बोललेले नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली दाखवून दिले होते, की एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी सांगत गेलेली कथा प्रत्येक टप्प्यावर ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसवली जाते आणि जे साच्यात बसत नाही ते गळते. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी 1947 साली अफवांच्या अभ्यासात हीच क्रिया तीन भागांत मांडली: तपशील झडतात, उरलेल्या एकदोन तपशिलांना धार येते, आणि सगळे मिळून ऐकणाऱ्याच्या अपेक्षेकडे वळते. एक अविवाहित मुलगा आणि एक अविवाहित मुलगी दर रविवारी एकत्र डोंगर चढतात, तेव्हा गटाची अपेक्षा काय असते, हे वेगळे सांगायला नको.

येथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. विशीत असताना मीही असा एक निरोप पोहोचवला होता. माझ्या मैत्रिणीने वर्गातल्या एका मुलाचा पत्ता दोनदा विचारला, आणि मी त्याला जाऊन सांगितले की तिचा तुझ्यावर जीव आहे. तिला पत्ता हवा होता तो त्याच्या आईकडे धाकट्या भावाची गणिताची शिकवणी लावायची होती म्हणून. मला पुढचे सहा महिने दोघांनाही तोंड दाखवायची चोरी झाली. पण सांगताना माझ्या आवाजात तिळमात्र शंका नव्हती, आणि म्हणूनच सांगणाऱ्याच्या खात्रीला मी आज शून्य गुण देते.

तिसरी पायरी: कान नव्हे, तोंडे मोजावीत

तिघांनी सांगितले म्हणून बातमी तिप्पट पक्की होत नाही. मित्राने बायकोकडून ऐकले होते, बायकोने मैत्रिणीकडून, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पेढे मागणाऱ्याने मित्राकडून. तिन्ही ओहोळ उलटे चालत गेल्यावर अंजनेरीच्या त्या एका पायरीवर येऊन मिळाले. म्हणजे पुरावा एकच होता; तो तीनदा ऐकू आला होता, इतकेच. बातमीचे वजन ठरवताना किती जणांनी सांगितले हे मोजू नये, तर एकमेकांशी न बोललेल्या किती माणसांनी, वेगवेगळ्या प्रसंगी, स्वतः काही पाहिले किंवा ऐकले आहे, हे मोजावे. एका गटात सर्वांचे तोंड एकमेकांच्या कानाला लागलेले असते, त्यामुळे ही संख्या बहुधा एक किंवा फार तर दोन निघते.

मूळ वाक्य किंवा कृती हाती आली, की तिच्यासाठी दुसरे साधे कारण सापडते का, हे पाहावे. मुलाने आणखी एक खूण सांगितली होती: ट्रेकच्या आदल्या रात्री ती गटात नेहमी विचारते, ‘तो येणार आहे का?’ ऐकायला हे फारच बोलके वाटते. परंतु दोघेही इंदिरानगरला राहतात, त्याच्याकडे गाडी आहे, तिच्याकडे नाही, आणि पहाटे साडेपाचला सातपूरच्या पुढे जमायचे असते. मग मी त्याला विचारले, की ज्या दोन रविवारी ती भावाच्या दुचाकीवर आली, त्यांच्या आदल्या रात्रीही तिने हा प्रश्न विचारला होता का? त्याने फोन काढून जुने संदेश पाहिले. दोन्ही वेळा विचारला नव्हता. ही खूण तेथेच संपली.

याचबरोबर तिची नेहमीची मोजपट्टी पाहावी लागते. काही माणसे सगळ्यांशीच मोकळेपणाने बोलतात, वाढदिवस लक्षात ठेवतात, हातावर टाळी देतात. त्यांच्या अशा वागण्याने तुमच्याविषयी काहीच कळत नाही. काही जण कोणाशीच बोलत नाहीत आणि तुमच्याशी चार वाक्ये बोलतात. ती चार वाक्ये मोलाची असतात. तुमच्या जागी गटातला दुसरा कोणी असता तर ती हेच बोलली असती का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ती खूण सोडून द्यावी.

बघ्याची नजर मुळातच एका बाजूला झुकलेली असू शकते, याचाही हिशोब ठेवावा. अँटोनिया ॲबी यांनी 1982 साली केलेल्या प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री पाच मिनिटे गप्पा मारत, आणि दुसरा एक पुरुष व एक स्त्री ते लपून पाहत. बोलणाऱ्या पुरुषानेच नव्हे, तर नुसत्या पाहणाऱ्या पुरुषानेही त्या स्त्रीच्या साध्या मनमिळाऊपणात स्त्री-प्रेक्षकापेक्षा जास्त लाडिकपणा वाचला. तेव्हा ‘तिला तू आवडतोस’ ही बातमी एखाद्या मित्राने केवळ पाहून दिली असेल, तर तिचा भाव आणखी खाली आणावा. तिच्या निकटच्या मैत्रिणीने तेच सांगितले, तर ते अधिक गांभीर्याने घ्यावे. मात्र मैत्रिणीलाही वरचे दोन प्रश्न चुकत नाहीत.

या चाळणीतून आमच्या मुलाकडे एक गोष्ट मात्र शिल्लक राहिली. गटातले एक निवृत्त काका रंगपंचमीला नाशकात नव्हते आणि त्यांच्या कानावर ही बातमी आलेली नव्हती. त्यांना काही सुचवू नये म्हणून मुलाने त्यांना तिच्याविषयी काही विचारलेच नाही. जानेवारीत आईच्या शस्त्रक्रियेमुळे तो गैरहजर होता, तेव्हा ट्रेक कसा झाला एवढेच विचारले. काका आपणहून म्हणाले, की त्या दिवशी आणि पुढच्या रविवारीही ती तुझ्या आईच्या तब्येतीची चौकशी करत होती. त्या दवाखान्यात भेटायच्या वेळा काय, हेही तिने विचारले होते. गाडीशी किंवा उतरणीशी याचा संबंध नव्हता, दोन वेगळ्या दिवशी घडले होते, आणि सांगणारा साखळीबाहेरचा होता. तरीही यावरून ‘प्रेम’ असे म्हणता येत नाही. आस्था आहे, एवढे म्हणता येते.

चौथी पायरी: ऐकल्यानंतर दिसलेले पुराव्यात धरू नये

बहुतेक जण घसरतात ते येथे. बातमी कानावर पडते, आणि पुढच्याच रविवारी खरोखर ती अधिक हसून बोलू लागते, अधिक वेळ बरोबर चालते. मग वाटते, मित्र खरेच बोलत होते.

कर्टिस आणि मिलर यांचा 1986 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. एकमेकांना नुकत्याच भेटलेल्या जोड्यांपैकी एकाला सांगण्यात आले, की समोरच्याला तू आवडला आहेस. दुसऱ्या काहींना उलटे सांगण्यात आले. यातले काहीच खरे नव्हते. पण ज्यांना ‘आवडला आहेस’ असे सांगितले होते ते पुढच्या गप्पांत अधिक मोकळे झाले, स्वतःविषयी अधिक बोलले, त्यांचा सूर अधिक गोड झाला, आणि परिणामी समोरच्यांना ते खरोखरच अधिक आवडले. म्हणजे बातमी ऐकलेला माणूस स्वतः बदलतो, त्याच्या बदलाला समोरचा माणूस प्रतिसाद देतो, आणि तो प्रतिसाद आपल्याला बातमीचा पुरावा वाटतो. हे चक्र तोडण्याचा एकच मार्ग आहे: ज्या दिवशी बातमी ऐकली त्या दिवसाची तारीख कागदावर लिहावी, आणि फक्त त्यापूर्वीचे प्रसंग पुराव्यात धरावेत. काकांनी सांगितलेला प्रसंग जानेवारीतला होता, म्हणून तो टिकला. रंगपंचमीनंतरचे सगळे हसणे-बोलणे मुलाला बाजूला ठेवावे लागले, आणि ते त्याला जड गेले.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. 2011 साली व्हिचर्च, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी अमेरिकेतील विद्यार्थिनींना काही तरुणांची फेसबुकवरची माहिती दाखवली. काहींना सांगितले की या तरुणांना तुम्ही फार आवडला आहात, काहींना सांगितले की जेमतेम आवडला आहात, आणि काहींना सांगितले की यांपैकी काय खरे ते नक्की नाही. ते तरुण सर्वांत आकर्षक वाटले ते या तिसऱ्या गटाला, कारण त्या त्यांच्याविषयी पुन्हा पुन्हा विचार करत राहिल्या. ‘आवडतोस, पण ती बोलणार नाही’ हे वाक्य नेमकी हीच अनिश्चितता हातात ठेवून जाते. म्हणून एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: ही बातमी येण्याआधीच्या महिन्यात मी तिचा किती विचार करत होतो? आमच्या मुलाने बराच वेळ गप्प राहून उत्तर दिले, ‘थोडा. फार नाही.’ ते उत्तर मला त्या दोन तासांतले सर्वांत प्रामाणिक वाटले.

पाचवी पायरी: विश्वास किती, तर एका निमंत्रणापुरता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निव्वळ अंदाज असेल आणि मूळ खुणेला साधे कारण सापडत असेल, तर विश्वास शून्य ठेवावा आणि नेहमीसारखे वागत राहावे. एखादी स्वतंत्र, आधीची, दुसरे सोपे कारण नसलेली खूण उरत असेल, तर एका छोट्या निमंत्रणाइतका विश्वास ठेवावा. स्पष्ट निरोप असेल आणि आणणारी व्यक्ती तिच्या जवळची असेल, तरीदेखील मजल निमंत्रणापर्यंतच नेता येते. फरक इतकाच, की ते लवकर द्यावे, कारण पलीकडे कोणीतरी उत्तराची वाट पाहत आहे. ऐकीव बातमीच्या जोरावर मागणी घालणे, घरी सांगणे किंवा भावनांची लांबलचक कबुली देणे यांपैकी काहीही कोणत्याही प्रकारात बसत नाही.

निमंत्रण असे असावे की नकार देणे तिला सोपे जाईल आणि नकारानंतर कोणाचेही काही बिघडणार नाही. ते गटात नव्हे, एकटीला द्यावे. त्याला दिवस आणि वेळ असावी, कारण ‘कधीतरी चहाला भेटू’ याला सगळेच होकार देतात आणि त्यातून काही समजत नाही. भेटीची जागा उघडी, माणसांची वर्दळ असलेली असावी, आणि तेथे जाण्याला भेटीपलीकडचे काही निमित्त असावे. मित्राने काय सांगितले याचा उल्लेख चुकूनही करू नये. ‘मी ऐकले की तुला मी...’ अशी सुरुवात झाली, की तिला तुमच्या निमंत्रणाला नव्हे, अफवेला उत्तर द्यावे लागते, आणि अफवेला बहुतेक लोक नकारच देतात, मग ती खरी का असेना. मित्रालाच पुन्हा विचारायला पाठवणे तर सर्वांत वाईट, कारण त्यामुळे साखळीत आणखी एक तोंड वाढते. ज्या मित्राने बातमी दिली त्याला एवढेच सांगावे, की यावर आता गटात काही बोलू नकोस.

उत्तर वाचताना होकारापेक्षा नकाराचा आकार जास्त सांगून जातो. ‘शनिवारी जमणार नाही’ एवढ्यावर थांबणे आणि ‘शनिवारी जमणार नाही, बुधवारी चालेल का’ असे विचारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा दिवस तिने स्वतः सुचवला नाही, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी आणखी एकदा विचारावे; दुसऱ्यांदाही पर्याय आला नाही, तर विषय संपला असे समजावे. मुलगी निमंत्रण देत असेल तेव्हा एक सवलत ठेवावी: लाजणारे मुलगे स्वतः दिवस सुचवत नाहीत, पण दिलेला दिवस सहसा चुकवतही नाहीत.

आणि तिने तोंडाने ‘नाही’ म्हटले असेल, तर त्यानंतर आलेल्या कोणत्याही बातमीची किंमत उरत नाही. ‘वरून नाही म्हणते, मनात हो आहे’ हे सांगणारा मित्र तुम्हाला धोक्यात घालतो आहे आणि तिला अधिक. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तिचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, आणि मित्रांनी असे सांगितले होते, हा तेथे बचाव होत नाही.

पुढे काय झाले

मुलाने एप्रिलभर काहीच केले नाही. रंगपंचमीची हवा विरू द्यावी, असे आमचे ठरले होते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिला इतिहासाची आवड आहे, हे त्याला ट्रेकवरच्या गप्पांतून ठाऊक होते. त्याने तिला एकटीला संदेश पाठवला, की शनिवारी संध्याकाळचे व्याख्यान ऐकायला जातो आहे, यायला आवडेल का. तिने उत्तर दिले, शनिवारी मावसबहिणीचा साखरपुडा आहे, पण बुधवारचा विषयही चांगला दिसतो, त्या दिवशी जाऊ या. बुधवारी व्याख्यानानंतर दोघांनी घाटाजवळ चहा घेतला आणि तासभर बोलत बसले. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी दोन भेटी झाल्या, त्यातली एक तिने ठरवली होती.

तिसऱ्या भेटीत त्याने सरळ विचारले. ऐकलेल्या गोष्टींचा आधार न घेता, स्वतःला काय वाटते तेवढेच सांगितले. तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, तुझ्याशी बोलायला मला मनापासून आवडते, पण मी तुझ्याकडे त्या दृष्टीने पाहत नाही, आणि पुढे पाहीन असेही वाटत नाही. आईची चौकशी केली होती ती तिच्या स्वतःच्या आईची तशीच शस्त्रक्रिया आदल्या वर्षी झाली होती म्हणून. मग तिनेच विचारले, की गटात काहीतरी कुजबुज चालली होती ती हीच का? आता लपवण्यासारखे काही राहिले नव्हते. त्याने अंजनेरीच्या वाक्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तिला हसू आवरेना. ती म्हणाली, ‘अरे, तू दोन काठ्या आणतोस आणि एक मला देतोस, म्हणून भीती वाटत नाही असे म्हणाले होते मी.’

जूनमधल्या पहिल्या पावसात आम्ही रामशेज चढलो तेव्हा दोघेही आले होते. गटात कोणाला काही कळले नव्हते, त्यामुळे कोणी काही विचारले नाही. ती त्याच्याच गाडीतून आली होती. हातात नवी कोरी काठी होती, स्वतःची.